कारखान्यांसाठी सेफ्टी शूजची लिस्टिंग लिहिताना: वडोदऱ्यातल्या कामाच्या नोंदी

माल एकच: काळा, घोट्याखालचा, बफ बार्टन लेदरचा सेफ्टी शू, स्टील टो, डबल डेन्सिटी पीयू सोल. गिऱ्हाईक मकरपुऱ्यातली इंजिनिअरिंग वर्कशॉप्स, नंदेसरीतले केमिकलवाले आणि वाघोडिया रस्त्यावरचं एक फोर्जिंग युनिट. काम इतकंच की या जोडाची लिस्टिंग नव्याने लिहायची, खरेदी विभागाने परत एकही प्रश्न विचारू नये अशी. चार दिवसांचा अंदाज होता. महिना गेला.

१७ नोव्हेंबर २०२५

आधी जुनी लिस्टिंग कागदावर उतरवली. त्यात होतं: स्टील टो, २०० ज्यूल, ऑइल रेझिस्टंट, अँटी-स्किड, एसआरसी, हीट रेझिस्टंट, अ‍ॅसिड प्रूफ, इलेक्ट्रिक शॉक प्रूफ, वॉटरप्रूफ, आयएसआय आणि "आयएसओ २०३४५ सर्टिफाइड". एकूण अकरा दावे. प्रत्येक दाव्यापुढे एक रिकामा रकाना आखला आणि त्यात एकच गोष्ट भरायची ठरवली: हा दावा नेमका कुठल्या कागदावर, कुठल्या ओळीत आहे?

पहिल्या दिवशी अकरापैकी एकही रकाना भरला नाही. जुना मजकूर कोणीतरी दुसऱ्या विक्रेत्याकडून उचलला होता, त्यानेही तो कुठून तरी उचललेला असणार. या धंद्यात निम्म्या लिस्टिंगमध्ये एकच स्पेलिंगची चूक सापडते, त्यावरून माग काढता येतो.

मग जोडाच्या जिभेवरचं लेबल वाचलं. खरं म्हणजे सुरुवात इथूनच करायला हवी होती.

```
IS 15298 (Part 2) : 2016
S1P SRA
UK 8 / EU 42
```

घसरणीच्या चाचणीचं चिन्ह लेबलवर एसआरए, लिस्टिंगमध्ये एसआरसी. पहिली चूक पाच मिनिटांत सापडली.

१८ नोव्हेंबर

निर्मात्याकडे तीन कागद मागितले: बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याची प्रत, तिच्यासोबतची व्याप्तीची पानं आणि याच मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट. फोनवर उत्तर आलं, "सगळं आहे, संध्याकाळी पाठवतो." सहा दिवसांनी आलं.

तोपर्यंत परवाना क्रमांक तपासून घेतला. आयएसआय चिन्हाखाली `CM/L` ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की निर्मात्याचं नाव, पत्ता, मानक आणि परवान्याची मुदत दिसते. चारही गोष्टी जोडाच्या खोक्याशी जुळवून बघायच्या. नुसता क्रमांक छापलेला असणं पुरेसं नाही, कारण मुदत संपलेल्या परवान्याचा क्रमांकही खोक्यावर तितकाच देखणा दिसतो. आपला जुळला.

२०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानंतर सेफ्टी शूजला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. म्हणून लिस्टिंगमध्ये ते बढाईच्या सुरात लिहिण्यात अर्थ नाही. क्रमांक लिहायचा, म्हणजे खरेदीवाला स्वतः तपासेल.

२४ नोव्हेंबर

रिपोर्ट आला, पण चुकीचा. पहिल्या पानावर "नमुन्याचं वर्णन" असा रकाना असतो. तिथे घोट्यावरचा बूट आणि नायट्राइल रबर सोल लिहिलं होतं. आपला जोड घोट्याखालचा आणि पीयूचा. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर नमुन्याचा फोटो होता, त्यात सोलची नक्षीही वेगळी. मात्र निर्मात्याचं नाव तेच, मानक तेच आणि सगळीकडे "पास". घाईत कोणीही हा रिपोर्ट लिस्टिंगला जोडून मोकळा झाला असता.

"दोन्ही एकाच मानकाचे आहेत ना," असं निर्मात्याच्या माणसाचं म्हणणं. मानक एकच आहे हे बरोबर, पण सोलच्या चाचण्या सोलच्या असतात. नायट्राइलचा निकाल पीयूला चिकटवता येत नाही. योग्य रिपोर्ट पुन्हा मागितला.

दरम्यान फोटोवाल्याला बोलावून ठेवलं होतं. फोटो काढून झाले, पण सोलची बाजू, जिभेचं लेबल आणि आयएसआय चिन्ह यांचे जवळून फोटो घ्यायचे राहिले. २,८०० रुपये गेले आणि हाती आले नुसते चकचकीत जोड. खरेदीवाल्याला चकाकी नको असते, लेबल वाचता यायला हवं असतं. पुढचे फोटो मोबाइलवर, गोदामाच्या दारातल्या उजेडात काढले. तेच वापरले.

२६ नोव्हेंबर: टो कॅप

बरोबर रिपोर्ट आला. टो कॅपच्या दोन ओळी आहेत. पहिली आघाताची: २०० ज्यूल. म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभराहून किंचित जास्त उंचीवरून टोवर सोडतात. दुसरी दाबाची: १५ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाच्या आसपासचा भार हळूहळू वाढवत नेतात.

या दोन्हींत कॅप मोडते का हा मुख्य प्रश्न नसतोच. आत मातीची कांडी ठेवलेली असते. कॅप खाली दबली की कांडी चेपते आणि तिची उरलेली उंची मोजतात. बोटांना किती जागा उरली, हे त्यातून कळतं. ४१-४२ मापाला आघातानंतर किमान १४ मिलिमीटर उरायला हवेत. मोठ्या मापाला थोडे जास्त, लहानाला थोडे कमी. आपल्या जोडाला ४२ मापात १६.५ मिळाले आहेत.

म्हणून "न तुटणारी टो कॅप" हे शब्द काढले. कॅप दबते, दबायलाच हवी, फक्त मर्यादेत. शिवाय एकदा जड वस्तू पडून दबलेली कॅप दुसऱ्यांदा तेवढी जागा राखेलच असं नाही, आणि वरचं लेदर सरळ दिसत असलं तरी आत वाकलेली असू शकते. "टोवर जोरदार आघात झाल्यास जोड बदलावा" ही ओळ लिस्टिंगमध्ये घातली. विक्री वाढवायची युक्ती वाटेल म्हणून आमच्यातल्या एकाने विरोध केला. ओळ ठेवली.

१५२९८ चे भाग नीट वाचायचे. भाग २ हा सेफ्टी फूटवेअरचा, २०० ज्यूल आणि १५ किलोन्यूटन. भाग ३ हा प्रोटेक्टिव्ह फूटवेअरचा, १०० ज्यूल आणि १० किलोन्यूटन. भाग ४ ऑक्युपेशनल, त्यात टो कॅपची अटच नाही. "आयएस १५२९८ प्रमाणे" एवढंच लिहिलं तर तिन्हीपैकी काहीही असू शकतं. दोन वर्षांपूर्वी एका निविदेत नेमकं हेच झालं होतं: स्वस्त भाव भाग ३ च्या मालाचा निघाला आणि तुलना भाग २ शी झाली. भागाचा आकडा कधीही गाळू नका.

स्टील की कंपोझिट, हा प्रश्न फोनवर रोज येतो. दोन्हींना आघाताची अट सारखीच, २०० ज्यूल. कंपोझिट कॅप जाड करावी लागते, त्यामुळे टो फुगीर दिसतो. वजनाला हलकी असते, गंजत नाही आणि उन्हात स्टीलसारखी तापत नाही. पण "कंपोझिट टो" म्हणजे "धातूविरहित जोड" नव्हे. तळाच्या आत स्टीलची मिडसोल, म्हणजे खिळा अडवणारा पत्रा असेल, आयलेट पितळेचे असतील, तर मेटल डिटेक्टर वाजणारच. आपल्या जोडात कॅपही स्टीलची आणि मिडसोलही. तेवढं स्पष्ट लिहिलं. गेटवर डिटेक्टर असलेल्या कारखान्याने आधीच दुसरं मॉडेल मागावं.

२८ नोव्हेंबर: सोल, पहिला भाग

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, कारण सोलच्या बाबतीत "रेझिस्टंट" हा एकच शब्द पाच वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एकेक सोडवून घेतली.

तेल. रिपोर्टमधली ओळ सांगते की सोलचा तुकडा ठरावीक इंधनासारख्या द्रवात बुडवून ठेवला तर त्याचं आकारमान किती वाढतं. मर्यादा १२ टक्के, आपला निकाल त्याच्या बराच आत. अर्थ इतकाच: तेल लागून सोल फुगणार नाही, मऊ पडून सुटणार नाही. तेलावर पाय सरकणार नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही. "ऑइल रेझिस्टंट" वाचून वर्कशॉपचा माणूस मात्र हाच अर्थ घेतो. लेथवर कटिंग ऑइल सांडलेल्या फरशीवर तो जोड घालून माणूस घसरला, की फोन विक्रेत्याला येतो.

घसरण. ती वेगळी चाचणी आहे. २०१६ च्या आपल्या मानकात, जे २०११ च्या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे, तीन चिन्हं आहेत. एसआरए म्हणजे साबणासारख्या पाण्याने ओल्या केलेल्या सिरॅमिक टाइलवर. एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या स्टीलच्या पत्र्यावर. एसआरसी म्हणजे दोन्ही पास. आपला जोड फक्त एसआरए. तेव्हा लिस्टिंगमध्ये "ओल्या टाइलवरची घसरण चाचणी, एसआरए" असं लिहिलं आणि "तेलकट स्टीलवरची चाचणी या मॉडेलची नाही" हेही लिहिलं.

ही दुसरी ओळ लिहावी की नाही यावर अर्धा दिवस गेला. "जे नाही ते कशाला सांगायचं?" हा युक्तिवाद. उत्तर असं की खरेदीवाला एसआरए आणि एसआरसी यातला फरक पाठ करून बसलेला नसतो. न सांगितलं तर तो आपल्याच फरशीचा अर्थ त्यात भरतो.

एसआरबीची आकडेवारी पाहिली तर तिथेही फार आनंद मानण्यासारखं नाही. टाइलवर तळ सपाट टेकवून घर्षणाचा गुणांक किमान ०.३२ लागतो, तर ग्लिसरीनच्या स्टीलवर ०.१८ पुरतो. म्हणजे एसआरसीचा जोडही तेलावर "अँटी-स्किड" नाही. तो ठरवलेल्या किमान पातळीला उतरला आहे, एवढंच. "अँटी-स्किड" हा शब्द काढून टाकला, जागी काहीच घातलं नाही.

एका स्पर्धकाच्या पत्रकात एसआरसी आणि एसआर दोन्ही चिन्हं शेजारी दिसली. एसआर हे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतलं चिन्ह आहे. त्या आवृत्तीत एसआरए, एसआरबी, एसआरसी तिन्ही निघून गेली. एकाच जोडावर दोन्ही आवृत्त्यांची चिन्हं असतील तर मजकूर कुठून तरी चिकटवलेला आहे, हे ओळखायची ही सोपी खूण. आपण लेबलवरचं वर्ष आणि त्याच वर्षाची चिन्हं लिहायची.

१ डिसेंबर: सोल, दुसरा भाग

खिळा. पी म्हणजे तळातून खिळा आरपार जायला किमान ११०० न्यूटन जोर लागला पाहिजे. आपल्याकडे स्टीलची मिडसोल असल्याने निकाल व्यवस्थित आहे. मात्र चाचणीतला खिळा साडेचार मिलिमीटर जाडीचा असतो. कापडी मिडसोल असेल तर बारीक खिळ्याचं गणित वेगळं होतं, म्हणूनच २०२१ च्या आवृत्तीत कापडी मिडसोलसाठी जाड आणि बारीक खिळ्यांची चिन्हं वेगळी केली. लिस्टिंगमध्ये "स्टील मिडसोल, पी" लिहिलं. नुसतं "पंक्चर प्रूफ" लिहिलं तर मिडसोल कशाची हे कळत नाही.

वीज. जुन्या मजकुरातली सगळ्यात धोकादायक ओळ हीच: "इलेक्ट्रिक शॉक प्रूफ". एस१ वर्गात अँटीस्टॅटिक गुण येतो. त्याचा अर्थ जोडाचा विद्युत रोध १०० किलोओहम ते १००० मेगाओहम यांच्या मध्ये असतो. म्हणजे अंगावर साठलेला स्थिर भार हळूहळू जमिनीत उतरावा म्हणून जोड मुद्दाम थोडी वीज वाहू देतो. शॉकपासून वाचवणारा जोड याच्या बरोब्बर उलट हवा, वीज न जाऊ देणारा. त्याचं मानक वेगळं, त्यावर व्होल्टेजचा वर्ग वेगळा लिहिलेला असतो.

नंदेसरीत सॉल्व्हंट हाताळणाऱ्या विभागाला अँटीस्टॅटिकच हवा, तिथे ठिणगीची भीती. पॅनेलवर काम करणाऱ्या वायरमनला तोच जोड "शॉक प्रूफ" म्हणून दिला तर गफलत जिवावर बेतेल. ओळ काढली. जागी लिहिलं: "अँटीस्टॅटिक. विद्युत काम करणाऱ्यांसाठी नाही." ओल्या मोज्याने, मळलेल्या सोलने हा रोध बदलतो, म्हणून सॉल्व्हंट विभागाने जोड वापरात असतानाही वेळोवेळी मोजून घ्यावा. हे लिस्टिंगमध्ये नाही, पण कोटेशनसोबतच्या पत्रात घातलं.

अ‍ॅसिड. भाग २ मध्ये अ‍ॅसिडसाठी कुठलंच चिन्ह नाही. रिपोर्टमध्येही ओळ नाही. लेदर आणि पीयू दोन्ही तीव्र अ‍ॅसिडपुढे टिकत नाहीत. तरीही बाजारात सर्रास "अ‍ॅसिड रेझिस्टंट" छापलेलं असतं. काढलं. केमिकलवाल्याने विचारलं तर रसायनाचं नाव आणि तीव्रता विचारायची आणि गमबूटकडे वळवायचं.

पाणी. एस१ मध्ये पाण्याची अट नसते, ती एस२ पासून येते आणि तीही वरच्या लेदरपुरती: तासाभरात किती पाणी शोषलं, किती आत झिरपलं. शिवणीतून येणाऱ्या पाण्याशी तिचा संबंध नाही. "वॉटरप्रूफ" गेलं. वडोदऱ्याच्या पावसात हा शब्द तसाही दोन दिवस टिकला नसता.

३ डिसेंबर: फोर्जिंगवाले

फोर्जिंग युनिटमधून विचारणा आली: १८० जोड, पण "हीट रेझिस्टंट" लिहून द्या. आकडा मोह पाडणारा.

उष्णतेची दोन चिन्हं आहेत आणि ती सतत एकमेकांत मिसळली जातात. एचआरओ हे सोलच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं: ३०० अंशांच्या धातूला ६० सेकंद टेकवल्यावर सोल वितळू नये, वाकवल्यावर तडकू नये. एचआय हे पायाला लागणाऱ्या उष्णतेचं: जोड १५० अंशांच्या वाळूत ठेवतात आणि अर्ध्या तासात आतलं तापमान २२ अंशांपेक्षा जास्त वाढायला नको. पहिलं सोल वाचवतं, दुसरं तळपाय. फोर्जिंगला बहुधा दोन्ही लागतात, कारण गरम स्केलवर पायही पडतो आणि भट्टीपुढे माणूस उभाही असतो.

आपल्या लेबलवर यातलं एकही नाही, असूही शकत नाही. पीयूचा सोल ३०० अंशांच्या धातूवर टेकला की चिकट होऊन बसतो. त्या तापमानाला टिकतो तो नायट्राइल रबर. गंमत म्हणजे २४ तारखेला चुकून आलेला रिपोर्ट नायट्राइल सोलचाच होता आणि त्यात एचआरओची ओळ होती. तोच जोडला असता तर ऑर्डर मिळाली असती आणि महिन्याभरात सोल वितळून परतही आली असती.

त्यांना लेखी कळवलं: "हे मॉडेल एचआरओ नाही. नायट्राइल सोलचं घोट्यावरचं मॉडेल सुचवतो, भाव वेगळा." खरेदीच्या मॅडमनी विचारलं, "मग हा जोड आमच्या कुठल्या विभागात चालेल?" पॅकिंग आणि डिस्पॅचसाठी ४० जोड त्यांनी घेतले, बाकीचं नायट्राइलचं कोटेशन मागितलं.

५ डिसेंबर: मापं

मापांना अर्धा दिवस धरला होता. दोन दिवस गेले.

निर्मात्याच्या यादीत यूके ५ ते ११ आणि शेजारी युरो मापं. आपण विकत असलेल्या दुसऱ्या एका मॉडेलच्या यादीत यूके ७ पुढे ४०, या मॉडेलच्या यादीत ४१. कोणाचं चुकलं? कोणाचंच नाही. गणित करून बघितलं.

यूके मापाची पायरी एक तृतीयांश इंचाची, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर. युरो मापाची पायरी दोन तृतीयांश सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे ६.७. पायऱ्याच वेगळ्या, त्यामुळे आकडे नेमके जुळू शकत नाहीत. यूके ८ च्या साच्याची लांबी ११ इंच, म्हणजे २७९.४ मिलिमीटर. तिला ६.६७ ने भागलं की ४१.९ येतं, म्हणजे ४२. इथे भांडण नाही. यूके ७ चा साचा २७०.९ मिलिमीटरचा, भागाकार ४०.६. एक निर्माता खाली ओढून ४० लिहितो, दुसरा वर ढकलून ४१. यूके १० ला ४४.४ येतं, तिथेही हाच खेळ.

याचा फटका असा बसतो: कारखान्याच्या स्टोअरने यादी युरोत पाठवली, "४१ चे २५ जोड". एका मॉडेलमध्ये ते यूके ७ होतात, दुसऱ्यात ४१ आकडाच नाही. स्टोअरवाला अंदाजाने ८ देतो आणि पंधरा दिवसांनी जोड मळून परत येतात. मळलेला जोड परत घेता येत नाही, भांडण तेवढं उरतं.

तोडगा: लिस्टिंगमध्ये यूके माप मुख्य ठेवलं, युरो त्याच मॉडेलच्या लेबलवरचं, आणि तिसरा रकाना पायाच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये, निर्मात्याच्या तक्त्यातून. साच्याची लांबी आणि पायाची लांबी एक नसते, पुढे मोकळी जागा सोडलेली असते आणि ती प्रत्येक साच्यात वेगळी. म्हणून वरचं गणित ग्राहकाला द्यायचं नाही, निर्मात्याचा तक्ता द्यायचा.

पाय मोजायची ओळही घातली: भिंतीला टाच टेकवून, कामाचा जाड मोजा घालून, शिफ्ट संपताना, दोन्ही पाय, आणि मोठा धरायचा. शिफ्टच्या शेवटी पाय सुजलेले असतात. साधा बूट घालून घालून सैल होतो, स्टील कॅप होत नाही. करंगळीला कॅपची कड लागत असेल तर ती आजही लागेल आणि सहा महिन्यांनीही. अर्धी मापं या जोडात नाहीत. दोहोंच्या मध्ये असलेल्याने मोठं घ्यावं.

यूके ३ आणि ४ ची विचारणा बायकामाणसं असलेल्या पॅकिंग लाइनवरून येते. आपल्या यादीत ती नाहीत. "मागणीनुसार" असं लिहायचा बेत होता, पण निर्मात्याकडे त्या मापाचा साचाच नाही. ५ पासून पुढेच लिहिलं.

९ डिसेंबर: मानकाचे शब्द आणि एचएसएन

"आयएसओ २०३४५ सर्टिफाइड" काढलं. परवाना भारतीय मानकाचा आहे. भारतीय मानक आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे हे खरं, पण बेतलेलं असणं म्हणजे त्याचं प्रमाणपत्र मिळालेलं असणं नव्हे. अंतिम वाक्य असं ठरलं: "आयएस १५२९८ (भाग २) : २०१६ नुसार, वर्ग एस१पी, एसआरए. निर्मात्याच्या बीआयएस परवान्याखाली आयएसआय चिन्हांकित. परवाना क्रमांक जोडावर आणि खोक्यावर." एका ओळीत "नुसार" आहे, "मंजूर" नाही, आणि परवाना निर्मात्याचा आहे, विक्रेत्याचा नाही. हे दोन शब्द बदलायला कोणी सांगितलं तरी बदलायचे नाहीत.

एस१पी लिहिल्यावर अँटीस्टॅटिक, टाचेची ऊर्जा शोषण आणि तेलाची अट त्या वर्गातच येतात. ती वेगळी चिन्हं म्हणून पुन्हा यादीत मोजायची नाहीत, लांबलचक यादी बघून गिऱ्हाइकाला जादा काही मिळाल्याचा भास होतो. त्यांचा अर्थ सांगितला, चिन्हांची रांग लावली नाही.

एचएसएन, म्हणजे पावतीवर लिहायच्या मालाच्या वर्गीकरण क्रमांकात एक खोच आहे. लेदर अप्पर आणि संरक्षक धातूची टो कॅप असलेल्या जोडांसाठी ६४०३४० हा वेगळा उपशीर्षक आहे. "धातूची" हा शब्द तिथे आहे. म्हणजे कंपोझिट टोचा जोड त्यात बसत नाही, तो ६४०३ मध्येच, पण घोटा झाकतो की नाही त्यावरून दुसरीकडे जातो. आपल्याकडच्या दोन्ही मॉडेलना आजवर एकच क्रमांक लावला जात होता. पावत्यांचा नमुना दुरुस्त केला.

१२ डिसेंबर

लिस्टिंग लावली. अकरा दाव्यांपैकी जसेच्या तसे तीन उरले: स्टील टो, २०० ज्यूल, आयएसआय. ऑइल रेझिस्टंट खुलाशासह राहिलं, एसआरसीचं एसआरए झालं, बाकीचे सहा गेले. त्यांच्या जागी आलं: भागाचा आकडा, १५ किलोन्यूटन, स्टील मिडसोल, अँटीस्टॅटिक, पायाच्या लांबीचा तक्ता आणि हा जोड कुठे चालणार नाही ते चार ओळींत.

फोटो सहा: बाजू, सोल, टो समोरून, जिभेचं लेबल, आयएसआय चिन्ह आणि खोक्याची कड. लेबलच्या फोटोतला उत्पादनाचा महिना झाकला, कारण प्रत्येक खेपेला तो बदलतो.

१९ डिसेंबर

झाकायला नको होता. पहिलाच फोन त्यावरून आला. सावली रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या स्टोअरकीपरनी विचारलं, "माल कधीचा आहे ते का लपवलंय?" प्रश्न रास्त. पीयू दमट हवेत पडून राहिला तर आतून कुजतो. न वापरलेला, खोक्यातला, नवा दिसणारा जोड दोन-तीन पावसाळे गोदामात राहिला की घातल्यावर आठवड्यात सोलचे तुकडे पडू लागतात. बाहेरून दिसत नाही. अंगठ्याने सोलची कड जोरात दाबली आणि भेग किंवा चिकटपणा जाणवला तर तो जोड बाद.

गोदामात जाऊन खोकी उघडली. १४० जोडांपैकी २२ खोक्यांवरचा महिना जानेवारी २०२३ चा निघाला, मागच्या रांगेत, भिंतीला लागून, जिथे पावसात ओल येते. तीन जोडांच्या टाचेपाशी कड दाबताच भेग पडली. सगळे २२ बाजूला काढले, नुकसान सुमारे २० हजार. लिस्टिंगमध्ये "उत्पादनाचा महिना पावतीवर लिहिला जाईल" ही ओळ वाढवली, रॅक भिंतीपासून हातभर पुढे ओढले आणि जुनं खोकं पुढे, नवं मागे अशी मांडणी केली. स्टोअरकीपरनी ऑक्टोबर २०२५ च्या उत्पादनाचे ६० जोड मागवले, यूके मापांत, पायाची लांबी लिहून.